नवशिक्या प्रस्तरारोहकासाठी बोटे, ओढ आणि खांदे: बारा आठवड्यांची मोजकी आखणी

प्रश्न: वय २७, वजन ६४ किलो. पाच महिन्यांपासून मंगळवारी आणि शनिवारी कृत्रिम भिंतीवर क्लायंबिंग करतो. लहान होल्डवर बोटे आधी सुटतात. पुलअप तीन होतात, तिसरा कसाबसा. हात डोक्यावर लांब करून लटकलो की उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला कधीकधी टोचते. घरी पुलअपचा बार, २० मिलिमीटर कडा असलेला लाकडी हँगबोर्ड, एक लांब रेझिस्टन्स बँड आणि प्रत्येकी १० किलोपर्यंत वजन लावता येणारे दोन डंबेल आहेत. बोटे, ओढण्याची ताकद आणि खांद्यांचा समतोल यांसाठी नेमका कार्यक्रम सांगाल का?

उत्तर: तुमच्याकडच्या साधनांनी हे काम नीट होईल, त्यात फक्त अंघोळघरात ठेवतात तसा काट्याचा वजनकाटा जोडा. त्याचा उपयोग पुढे सांगतो. मात्र व्यायामांच्या यादीपेक्षा ते आठवड्यात कोणत्या दिवशी येतात याला मी जास्त महत्त्व देतो. नवीन क्लायंबर साधारणपणे मंगळवारी आणि शनिवारी भिंतीवर जातो, बुधवारी आणि शुक्रवारी हँगबोर्डला लटकतो, गुरुवारी पुलअप मारतो आणि महिन्याभरात एखादे बोट सुजवून बसतो. त्यातला कोणताही एक व्यायाम चुकीचा नसतो, पण मंगळवार ते शनिवार बोटांना सलग दोन दिवसांची विश्रांती मिळालेली नसते.

बोटांना ही विश्रांती का लागते, ते त्यांच्या रचनेवरून कळते. होल्ड पकडताना बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटातून बोटांच्या पेरांपर्यंत गेलेल्या असतात. कंडरा हाडाला चिकटून राहाव्यात म्हणून प्रत्येक बोटात तंतुमय कड्या असतात, त्यांना पुली म्हणतात. क्लायंबरच्या दृष्टीने दोन पुली महत्त्वाच्या आहेत: तळहाताजवळच्या पहिल्या पेरावरची ए-२ आणि मधल्या पेरावरची ए-४. बोट जितके जास्त दुमडून पकडावे, तितकी ताणलेली कंडरा हाडापासून सुटून बाहेर येऊ पाहते आणि पुलीवरचा भार वाढतो. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढलेली जाणवते, पण कंडरा आणि पुली यांना बळकट व्हायला महिने लागतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात, म्हणजे नेमके तुमच्या टप्प्यावर, स्नायू पुढे गेलेले असतात आणि पुली मागे राहिलेली असते. या काळातील दुखापतींमागे बहुतेकदा हीच दरी असते.

म्हणूनच पहिले एक-दोन वर्ष हँगबोर्डला हात लावू नका, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो सल्ला पूर्ण शरीराचे वजन टाकून, बोटे सुटेपर्यंत लटकणाऱ्यांसाठी आहे, आणि तिथे तो योग्यही आहे. पाय जमिनीवर ठेवून मोजका भार टाकण्याला माझी हरकत नाही. भिंतीवर पाय निसटला की एका क्षणात बोटांवर किती भार आला, हे कोणालाच सांगता येत नाही; बोर्डखाली वजनकाटा ठेवला तर तो किलोमध्ये वाचता येतो. इथे एक अपवाद स्पष्ट सांगायला हवा. ज्यांची वाढ अजून पूर्ण झालेली नाही अशा किशोरवयीन मुलामुलींनी हे करू नये, कारण त्यांच्या बोटांच्या हाडांतील वाढपट्ट्यांना या ताणाने इजा होऊ शकते. तुमच्या वयात ही अडचण नाही.

आठवड्याची मांडणी

मंगळवारी चांगला वॉर्मअप करून प्रथम बोटांचा छोटा व्यायाम आणि लगेच त्यानंतर भिंत. बोर्ड घरी असल्यामुळे हा भाग भिंतीवर जाण्याच्या तासभर आधी घरी उरकला तरी चालेल. क्लायंबिंग केंद्रात बोर्ड असेल तर उत्तमच. त्या दिवशी भिंतीवरचा वेळ नेहमीपेक्षा पाव भागाने कमी करा आणि सर्वांत लहान होल्डचे मार्ग वगळा. गुरुवारी घरी ओढ आणि खांदे यांचा व्यायाम करा, त्यात बोटांच्या टोकांवर काहीही भार नको. शनिवारी फक्त भिंत आणि शेवटी दहा मिनिटांचे हलके काम. उरलेले चार दिवस हातांना पूर्ण मोकळे ठेवा. असे केल्याने बोटांना मंगळवार ते शनिवार आणि शनिवार ते मंगळवार असे दोन मोठे खंड मिळतात. बोटांचा व्यायाम क्लायंबिंगनंतर किंवा विश्रांतीच्या दिवशी न ठेवता मंगळवारी आधीच ठेवण्याचे कारणही हेच आहे. बोटे थकलेली असताना पकडीचा आकार बिघडतो, आणि वेगळ्या दिवशी केल्यास विश्रांतीचा खंड तुटतो.

बोटे: वजनकाट्यावरची मोजणी

हँगबोर्डच्या अगदी खाली वजनकाटा ठेवा, त्यावर उभे राहा आणि दोन्ही हातांची चार-चार बोटे २० मिलिमीटरच्या कडेवर ठेवा. गुडघे किंचित वाकवून हळूहळू वजन हातांवर घेतले की काट्यावरचा आकडा कमी होऊ लागतो. जितका आकडा कमी झाला, तितका भार बोटांवर आला. तुमचे वजन ६४ किलो आहे आणि काटा ३० दाखवत असेल, तर दोन्ही हातांच्या बोटांवर मिळून ३४ किलो आहेत. काट्याचाच वजनकाटा घ्यायला मी सांगतो, कारण पुष्कळ डिजिटल काटे पहिला स्थिर आकडा पकडून ठेवतात आणि नंतरचा बदल दाखवत नाहीत. बोर्ड इतका उंच असावा की हात डोक्यावर जवळजवळ सरळ राहतील, पण टाचा उचलाव्या लागणार नाहीत. बोर्ड जास्त उंच असेल तर काट्याखाली भक्कम, न हलणारा पाट ठेवा.

पकडी दोनच वापरायच्या. ओपन हँडमध्ये बोटे बरीचशी सरळ राहून टोकांनी कडेवर आकड्यासारखी अडकतात. हाफ क्रिंपमध्ये बोटांचा मधला सांधा साधारण काटकोनात वाकतो, टोकाचा सांधा मात्र जवळजवळ सरळ राहतो आणि अंगठा बाजूला मोकळा असतो. करंगळी लांबीने कमी असल्यामुळे तिचा कोन इतर बोटांपेक्षा जास्त उघडा दिसेल. तो जबरदस्तीने जुळवू नका. अंगठा तर्जनीवर दाबून केलेली फुल क्रिंप या बारा आठवड्यांत बोर्डवर अजिबात करायची नाही. ती पकड पुलीवर सर्वाधिक भार टाकते. भिंतीवर तिची गरज पडेल तेव्हा ती आपोआप होईलच.

सुरुवातीचा भार कसा ठरवायचा? कमाल ताकदीची चाचणी तुमच्या टप्प्यावर करू नका. ती चाचणी हीच एक मोठी जोखीम आहे आणि तिच्यातून मिळणारा आकडा तुम्हाला सध्या लागतही नाही. पहिल्या मंगळवारी वॉर्मअपनंतर हाफ क्रिंपमध्ये २० किलो भार घेऊन, म्हणजे काटा ४४ वर आणून, २० सेकंद थांबा. दोन-तीन मिनिटे विश्रांती घेऊन २८ किलोवर, मग ३४ वर तेच करा. ज्या भारावर पकडीचा आकार न बदलता २० सेकंद निघतात आणि आणखी पाच-सहा सेकंद सहज निघाले असते असे वाटते, तो तुमचा आरंभीचा भार. त्या दिवशी एवढेच करायचे. तुमचा आकडा ३४ निघाला असे धरून पुढचे लिहितो; २८ किंवा ४० निघाला तरी पद्धत तीच राहील.

नेहमीच्या मंगळवारी त्याच भारावर २० ऐवजी फक्त १० सेकंद धरायचे. तीन वेळा ओपन हँड आणि तीन वेळा हाफ क्रिंप, प्रत्येक दोन प्रयत्नांमध्ये पूर्ण दीड मिनिट विश्रांती. सहा प्रयत्न, एकूण एक मिनिट ताण. हे फारच थोडे वाटेल, आणि ते तसेच वाटायला हवे. तुम्हाला त्यानंतर भिंतीवर जायचे आहे आणि कंडरांना गरज आहे ती मोजक्या, पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या ताणाची. शेवटच्या प्रयत्नानंतरही आणखी दोन प्रयत्न झाले असते, अशी स्थिती राहिली पाहिजे.

वाढ याप्रमाणे करा. पहिले दोन आठवडे ३४ किलो, तिसऱ्यात ३६, चौथा आठवडा हलका: पुन्हा ३४ आणि सहाऐवजी तीनच प्रयत्न. पाचव्या-सहाव्यात ३८, सातव्यात ४०, आठवा पुन्हा हलका: ३६ किलोवर तीन प्रयत्न. नवव्या-दहाव्यात ४० आणि अकराव्यात ४२. हलका आठवडा सोडून देण्याचा मोह होतो, विशेषतः सगळे छान चालले असेल तेव्हा. तो सोडू नका, कारण पुलीवरचा साचलेला ताण सहसा दुखण्यातून आधी कळत नाही. भार वाढवण्याची अट आकड्याची नसून आकाराची आहे. दर आठवड्याला एका प्रयत्नाचे बाजूने मोबाइलवर चित्रण करा. हाफ क्रिंपचा काटकोन सैल होऊन बोटे ओपन हँडकडे सरकत असतील किंवा अंगठा वर चढत असेल, तर तो भार अजून तुमचा झालेला नाही. मागच्या आकड्यावर आणखी एक आठवडा राहा.

वॉर्मअपची टाळाटाळ करू नका. पाच मिनिटे हातपाय हलवून अंग तापवा, मुठी २०-३० वेळा सावकाश उघडा-मिटा, बँडने काही हलके ओढा आणि मग बोर्डवर १०, १८ आणि २६ किलोचे दहा-दहा सेकंदांचे तीन प्रयत्न करून त्यानंतरच त्या दिवसाच्या भाराला हात घाला.

ओढ: आधी खांद्याचे टोचणे समजून घ्या

पुलअपची संख्या तीनवरून सहावर नेणे सोपे आहे. तुमच्या खांद्याकडे मात्र आधी पाहायला हवे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण नवीन क्लायंबरमध्ये तुम्ही सांगितलेल्या टोचण्यामागे दोन सवयी वारंवार दिसतात. पहिली अशी की हात थकले की कोपर शरीरापासून बाजूला उचलले जाते, त्याबरोबर दंड आत फिरतो आणि दंडाच्या हाडाचे डोके खोबणीत पुढे ढकलले जाते. तुमचा एखादा थकलेला मार्ग मागून चित्रित करून पाहा. शेवटच्या चार-पाच होल्डवर उजवे कोपर पंखासारखे बाहेर आलेले दिसले, तर तेच कारण असण्याचा संभव मोठा आहे.

दुसरी सवय चुकीच्या सल्ल्यातून येते. "खांदे सतत खाली खेचून ठेवा" हे वाक्य प्रत्येक भिंतीखाली ऐकू येते. हात डोक्यावर गेला की खांद्याच्या फऱ्याने वर फिरायला हवे, तरच दंडाच्या डोक्याला वरच्या बाजूला जागा मिळते. फरा पूर्ण ताकदीने खाली खेचून धरला आणि हात मात्र वरच ठेवला, तर ती जागा कमी होते. अगदी सैल सोडून कानाला चिकटलेला खांदाही नको. लटकताना फक्त ढिलाई निघेल इतकाच, साधारण दोन-तीन सेंटिमीटरचा ताण द्यायचा.

हाच ताण शिकवणारा व्यायाम गुरुवारी पहिला करा. बारला लटका, कोपरे न वाकवता शरीर थोडे वर आले असे वाटेपर्यंत फरे खाली घ्या, दोन सेकंद थांबा आणि सावकाश परत जा. सहा वेळा, दोन फेऱ्या. सुरुवातीला पायाखाली खुर्ची ठेवून अर्धे वजन पायांवर राहू द्या. यात टोचले नाही, तर पुलअपकडे जा. टोचले, तर पहिले तीन आठवडे पुलअप पूर्ण बंद ठेवून फक्त डंबेलने आडवी ओढ करा आणि हा व्यायाम खुर्चीच्या आधाराने, न दुखणाऱ्या मर्यादेत चालू ठेवा. भिंतीवरही त्या काळात छतासारखे कललेले आणि लांब झेप घ्यावी लागणारे मार्ग टाळा.

पुलअपच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे: कसाबसा होणारा तिसरा पुलअप सरावात आणू नका. त्या शेवटच्या पुलअपमध्येच कोपरे बाहेर जातात आणि खांदे पुढे गोल होतात, म्हणजे जी सवय मोडायची तीच आपण पक्की करतो. पहिले तीन आठवडे दोन-दोन पुलअपच्या पाच फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. एकूण दहा पुलअप होतात आणि दहावाही पहिल्यासारखा दिसतो. चौथ्या आठवड्यात तीनच फेऱ्या. पाचव्या ते सातव्या आठवड्यात पाचपैकी दोन फेऱ्या तीन-तीनच्या करा, आठवा हलका ठेवा, आणि नवव्या ते अकराव्या आठवड्यात पाचही फेऱ्या तीन-तीनच्या करून पाहा. दोनही स्वच्छ होत नसतील, तर बारला बँड अडकवून एक पाय त्यात ठेवा आणि मदतीने करा. खाली येताना प्रत्येक वेळी तीन सेकंद लागले पाहिजेत. धपकन सोडलेले शरीर कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला आमंत्रण देते.

त्यानंतर एका हाताने डंबेल ओढा. एक हात आणि एक गुडघा बाकावर टेकवून दुसऱ्या हाताने १० किलो कमरेच्या दिशेने ओढायचे, दहा वेळा, प्रत्येक बाजूला तीन फेऱ्या. कोपर कमरेला घासत गेले पाहिजे. १० किलो हलके वाटू लागले की संख्या न वाढवता वर पोचल्यावर दोन सेकंद थांबा आणि तीन सेकंदांत खाली न्या. तेच वजन लगेच जड वाटू लागेल.

खांद्यांचा समतोल: फक्त पुशअप पुरत नाहीत

ओढण्याच्या विरुद्ध ढकलणे, म्हणून समतोलासाठी भरपूर पुशअप, असा हिशेब सर्रास केला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. क्लायंबिंगमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा पाठीचा रुंद स्नायू दंडाला आत फिरवतो, आणि पुशअपमध्ये वापरला जाणारा छातीचा मोठा स्नायूही दंडाला आतच फिरवतो. दोन्ही वाढवले तरी दंडाला बाहेर फिरवणारे रोटेटर कफचे लहान स्नायू मागेच राहतात. फऱ्याला वर फिरवणारे आणि बरगड्यांवर चिकटवून ठेवणारे स्नायूही या व्यवहारात दुर्लक्षित होतात. म्हणून मी तीन व्यायाम निवडतो.

पहिला बँडने दंड बाहेर फिरवणे. बँड कोपराच्या उंचीवर पक्क्या जागी बांधा, कोपर काटकोनात वाकवून बरगडीला लावा आणि मध्ये गुंडाळलेला छोटा टॉवेल धरा. टॉवेल न पाडता हात पोटापासून बाहेर न्या, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत परत आणा. बारा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या. इथे जोर लावण्याचे काम नाही. मान आवळली जात असेल किंवा शरीर वळत असेल, तर बँड जास्त ताणलेला आहे. बांधलेल्या जागेच्या जवळ सरका. सुरुवात नेहमी उजव्या बाजूने करा आणि उजवीकडे जितके स्वच्छ होतील तितकेच डावीकडे करा. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचा आकडा लिहून ठेवा: उजवीकडे ९ आणि डावीकडे १४ असा फरक निघाला, तर टोचण्यामागचे एक कारण हाती लागले असे समजायला हरकत नाही.

दुसरा एका हाताने डंबेल डोक्यावर नेणे. ज्या हातात डंबेल त्याच बाजूचा गुडघा जमिनीवर टेकवा, म्हणजे कंबर मागे वाकवून फसवणूक करता येत नाही. ५ किलोपासून सुरुवात, आठ वेळा, तीन फेऱ्या. वर पोचल्यावर दंड कानाजवळ यावा आणि फऱ्याला मुक्तपणे वर फिरू द्यावे. सर्व फेऱ्या सहज झाल्या की एक-एक किलोने वाढवा. हात डोक्यावर नेताना टोचत असेल, तर तो पूर्ण उभा न नेता थोडा पुढे, तिरका ढकला आणि वजन अर्धे करा.

तिसरा पुशअप, पण शेवटच्या छोट्या हालचालीसह. वर आल्यावर हात सरळ ठेवूनच जमीन आणखी दूर ढकला, म्हणजे दोन फऱ्यांमधली पाठ किंचित गोल होईल. बरगड्यांना फरा धरून ठेवणारा स्नायू याच शेवटच्या टप्प्यात काम करतो. दहा वेळा, दोन फेऱ्या. जड जात असतील तर हात बाकावर ठेवून करा.

अशा रीतीने गुरुवारी ओढण्याच्या आठ आणि खांद्यांच्या आठ फेऱ्या होतात. अगदी समान आकडा साधण्यात काही जादू नाही, पण भिंतीवर दोन दिवस ओढणेच चालू असल्याने खांद्यांचा हिस्सा यापेक्षा कमी करू नका. वेळ कमी पडला तर पुलअपच्या फेऱ्या कापा. सगळे मिळून पाऊण तास लागतो. शनिवारी भिंतीनंतर बँडच्या दोन फेऱ्या आणि मनगट वर उचलण्याच्या दोन फेऱ्या करा: हात मांडीवर टेकवून, तळहात खाली ठेवून २ किलो डंबेल मनगटाने वर उचलायचा, पंधरा वेळा. होल्ड पकडताना मनगट स्थिर ठेवण्याचे काम याच मागच्या स्नायूंचे असते, आणि ते कमजोर राहिले तर कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते.

काय बिघडते आणि कसे ओळखावे

रोज सकाळी दोन गोष्टी तपासा. घट्ट मूठ मिटते का आणि प्रत्येक बोटाच्या पहिल्या पेरावर तळहाताच्या बाजूने अंगठ्याने दाबल्यास दुखते का. मूठ पूर्ण मिटत नसेल आणि मधला सांधा जाडसर वाटत असेल, तर सांध्यावर एकूण ताण जास्त झाला आहे. बोर्ड दोन आठवडे बंद करा आणि भिंतीवर फक्त मोठे होल्ड घ्या. पेरावर एका ठराविक जागी दाबल्यावर दुखत असेल, तर संशय पुलीवर घ्यावा. विशेषतः अनामिका आणि मधले बोट यांच्याकडे लक्ष ठेवा. बोटाच्या टोकाच्या कातडीची आग वेगळी असते, ती वरवर जाणवते आणि एक-दोन दिवसांत जाते.

चढताना "टक्" असा आवाज येऊन बोटात लगेच दुखले, तर त्या क्षणी थांबा, दुसऱ्या हाताने होल्ड बदलून मार्ग पूर्ण करण्याचा प्रयत्न करू नका. हाताच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवा. पुली फाटली आहे की केवळ ताणली आहे, हे सोनोग्राफीत दिसू शकते. बोट वाकवल्यावर कंडरा कातडीखाली उचलून आल्यासारखी दिसत असेल, तर एक दिवसही वाट पाहू नये.

खांद्याबाबत माझी मर्यादा अशी आहे. व्यायाम करताना दहापैकी दोन इतपत दुखणे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते निघून जाणे, हे चालेल. त्यापेक्षा जास्त असेल किंवा सकाळी उरले असेल, तर पुढच्या वेळी वजन आणि फेऱ्या निम्म्या करा. रात्री झोपेतून जाग येण्याइतके दुखत असेल, हातात मुंग्या येत असतील, खांदा निसटल्यासारखा वाटत असेल किंवा तीन आठवड्यांत टोचणे जराही कमी झाले नसेल, तर हा कार्यक्रम थांबवून फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले, तर आधी पुलअपचा हिशेब पाहा. संख्या घाईने वाढवली असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

बारावा आठवडा

या आठवड्यात नवीन भार द्यायचा नाही, फक्त मोजायचे. मंगळवारी पहिल्या दिवसासारखेच २० सेकंदांचे प्रयत्न करा, ३४ किलोपासून सुरू करून दोन-दोन किलो चढत जा आणि आकार न बदलता, थोडी शिल्लक राखून जिथे थांबता तो आकडा नोंदवा. तो ३८ ते ४० च्या आसपास आला, तर वाढ अपेक्षेप्रमाणे झाली. पुढचे बारा आठवडे त्या नव्या आकड्यावरून याच पद्धतीने सुरू करा. पाय पूर्ण उचलून लटकण्याची घाई नको. दोन्ही हातांवर मिळून ५५ किलो दहा सेकंद स्वच्छ धरता येऊ लागले की मग तो विचार करू. आकडा ३४ वरच राहिला असेल, तर भार वाढवून उपयोग नाही. अशा वेळी झोप, मंगळवारी भिंतीवर घालवलेला वेळ आणि शनिवारी केलेल्या कठीण मार्गांची संख्या या तीन नोंदी आधी तपासा.

गुरुवारी एकदाच, कोपरे बाहेर जाईपर्यंतच, पुलअप मोजा. पाच स्वच्छ निघाले तर पुरेसे आहे. बँडच्या व्यायामात उजव्या-डाव्यातला फरक दोन-तीनपेक्षा कमी झाला असेल आणि लटकताना टोचणे थांबले असेल, तर पुढच्या टप्प्यात बँडच्या तीनऐवजी दोन फेऱ्या पुरतील. फरक तसाच असेल, तर तीन फेऱ्या चालू ठेवा आणि पुलअप आणखी चार आठवडे आहे त्याच संख्येवर रोखा.

आजारपण किंवा प्रवासामुळे एखादा आठवडा चुकला, तर मागच्या आठवड्याच्या भारावरून पुन्हा सुरू करा. दोनपेक्षा जास्त आठवडे चुकले असतील, तर बोटांचा भार ४ किलोने कमी करा आणि पहिल्या मंगळवारी सहाऐवजी चारच प्रयत्न करा. चुकलेले दिवस एका आठवड्यात कोंबून भरून काढू नका.